लिननचा कुर्ता झाल्या झाल्या तीच इस्त्री आईच्या करवती साडीवर फिरवली, डाग पडला. काय करू?

मेघा_महाल | गुरुवार, रात्री ९:४०

रविवारी धाकट्या भावाचं साक्षगंध आहे. आई तिची करवती नेसणार आहे. अंग कोसा रेशमाचं, काठ सुती, आजोबांनी आंधळगावहून आणलेली. आज संध्याकाळी सगळ्यांचे कपडे घेऊन बसले. आधी माझा लिननचा कुर्ता केला, खळ दिलेला होता म्हणून बटण शेवटच्या खुणेवर, तीन टिंबांवर ठेवलं. कुर्ता छान झाला. मग बटण फिरवून सिल्कवर आणलं. लाल दिवा लगेच विझला, म्हणून साडी अंथरली.

आधी उलट्या बाजूने खालचा काठ केला, फॉलवरून. मग साडी सुलटी करून पदर घेतला. तेवढ्यात दारावरची बेल वाजली, मी इस्त्री क्षणभर तशीच टेकली. परत आले तर नावेच्या आकाराचा पिवळट-तपकिरी डाग. नंतर पाहिलं तर फॉल पण आकसलाय, काठाला सगळीकडे चुण्या पडल्यात.

बटण तर सिल्कवरच होतं. मग असं कसं झालं? डाग निघेल का? बाबांचा लोकरीचा कोट, भावाची पँट आणि बाबांचा लिननचा शर्ट अजून बाकी आहे. आता इस्त्रीला हात लावायची भीती वाटते.

---

निलेश_धरमपेठ | रात्री ९:५८

सिल्कवर कधीही थेट इस्त्री ठेवू नये, मध्ये सुती कापड हवंच. सोप्पं आहे, साडीवर भरपूर पाणी शिंपडा आणि वाफेच्या इस्त्रीने करा. वाफेने कापड कधीच जळत नाही. आमच्याकडे सगळ्या साड्या अशाच होतात.

---

सुवर्णा_नंदनवन | रात्री १०:०५

मेघा, कोसा घरी धुतलास का तू? माझ्या एका साडीचा रंग गेला होता धुऊन, तेव्हापासून मी ड्रायक्लीनलाच देते. साध्या पावडरने धुवायचा नाही कोसा.

---

मेघा_महाल | रात्री १०:११

नाही हो ताई, धुतलीच नाही. कपाटातली घडी मोडून फक्त इस्त्री केली.

---

वायरमन_वाडी | रात्री १०:३०

बटण सिल्कवर होतं, पण इस्त्री सिल्कवर नव्हती. घोळ तिथेच झाला.

लाल दिवा विझला म्हणजे इस्त्री थंड झाली असं नाही. आत दोन धातूंची जोडपट्टी असते, तापली की वाकते अन् करंट तोडते. तुम्ही बटण खाली आणलं की पट्टीला वाटते, आपण आधीच लई तापलो आहो, म्हणून ती करंट तोडते अन् दिवा विझते. दिवा एवढंच सांगते की आता हीटर चालू नाही. तळ मात्र आधी होता तेवढाच गरम राहते.

माझ्याजवळ तापमान मोजायची वायर असलेला मीटर आहे. मागे एका साध्या घरगुती इस्त्रीचा तळ मी मोजला होता. तीन टिंबांवर २०० च्या आसपास दाखवत होता. बटण खाली आणून उभी ठेवली तर एक मिनिटानं १९० च्या वरच होती. ११० ला यायला पंधरा मिनिटं लागली. जड इस्त्री असली तर आणखी जास्त. तुम्ही एका मिनिटात साडीवर ठेवली, म्हणजे कोशावर लिननचीच इस्त्री फिरली.

आणखी एक सांगतो. थंड इस्त्री पहिल्यांदा तापते तेव्हा खुणेच्या पुढे जाते, मग खाली येते. म्हणून दिवा पहिल्यांदा विझला की लगेच नाजूक कपडा घेऊ नका. दोनदा लागू-विझू द्या.

---

प्रभाकर_प्रेसवाले | रात्री ११:०२

तीस वर्षं झाली या धंद्यात. आमच्या वडिलांची कोळशाची इस्त्री होती, तिला तर बटणच नव्हतं. ओल्या बोटाने चर्र आवाज ऐकून अंदाज घ्यायचे. तेही मऊ कपडे आधी घेत आणि सुती-कडक शेवटी. तुमच्या घरी क्रम उलटा झाला. इस्त्री तापते पटकन पण निवते हळू, म्हणून खालून वर जावं लागतं. आधी पॉलिस्टर आणि कोसा, मग लोकर, सगळ्यात शेवटी लिनन. वरून खाली यायची वेळ आलीच तर बटण बंद करायचं आणि जुना ओला टॉवेल पसरून त्यावर फिरवत राहायचं. पाणी उष्णता ओढून घेतं, काम लवकर होतं.

निलेशभाऊ, मध्ये कापड ठेवायचं हे तुमचं अगदी बरोबर. पण कोशावर पाणी शिंपडू नका. थेंब पडला की तिथे कड धरतो आणि वाळल्यावर गोल चट्टा दिसतो, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने तर नक्कीच. आणि वाफेचं म्हणाल तर वाफ व्हायला तळ चांगला तापलेला लागतो, साधारण दोन टिंबांच्या पुढे. एका टिंबावर वाफेचं बटण दाबलं की वाफेऐवजी पाणी गळतं, तेही त्या सिल्कवरच.

मेघाताई, डागाकडे येऊ. घाबरून काहीही लावू नका. तुमच्या कुर्त्याला खळ होती, हे महत्त्वाचं आहे. खळ गरम तळाला चिकटते, करपते आणि पुढच्या कपड्यावर उतरते. ती दिसते अगदी जळल्यासारखी, पण असते वरवर. म्हणून आधी पाणी न लावता हे पाहा.

साडी उलटी करून उजेडात धरा. डाग मागून दिसतो का? खळ असेल तर मागे कमी किंवा अजिबात नसते. धागा भाजला असेल तर रंग आरपार जातो. मग डागाच्या कडेला नखाने अगदी हलकं खरवडा. खळ असेल तर पापुद्रा निघतो. धागा भाजलेला असेल तर तो कडकडीत लागतो, तुटतो, बोटाला भुरका लागतो. तसं झालं तर तिथेच थांबा. आणि इस्त्रीचा तळ थंड असताना पाहा, त्यावर तपकिरी थर आहे का.

---

मेघा_महाल | रात्री ११:२५

काका, तळावर टोकाजवळ तपकिरी चकती आहे, आधी लक्षातच आली नव्हती. साडी उलटी धरली. टोकाकडचा भाग मागून जवळपास दिसत नाही. पण मधला रुपयाच्या नाण्याएवढा भाग मागूनही पिवळा दिसतो. नखाने टोकाकडून पापुद्रा आला. मधल्या भागात काहीच निघालं नाही, पण धागा तुटला पण नाही.

---

प्रभाकर_प्रेसवाले | रात्री ११:४१

म्हणजे दोन्ही झालंय. कड खळीची आहे, मध्य भाजलाय.

खळीचं निघेल. पांढरा मलमलचा तुकडा घ्या, पिण्याच्या पाण्यात बुडवून असा पिळा की दाबल्यावर थेंब येऊ नये. आधी साडीच्या आतल्या टोकावर, जे कमरेत खोचलं जातं तिथे दाबून पाहा. रंग कापडावर उतरला किंवा कड धरली तर पुढे करू नका. काही झालं नाही तर डागाखाली टॉवेल ठेवा आणि वरून दाबा, घासू नका. मलमलची जागा बदलत राहा. तपकिरी कापडावर येऊ लागेल. शेवटी भोवतालचा बराच भाग त्याच दमट कापडाने हलका टिपून घ्या, म्हणजे ओल्याची कड राहणार नाही. सावलीत वाळवा.

मधल्या पिवळ्याचं मी खोटं सांगणार नाही. रेशीम आणि लोकर दोन्ही आपल्या केसांच्याच जातीचे धागे. एकदा भाजले की मूळ रंग परत येत नाही. धागा तुटत नाही म्हणजे कापड शाबूत आहे, हे चांगलं आहे.

---

अनघा_रामदासपेठ | शुक्रवार, सकाळी ७:५०

हलक्या भाजलेल्या डागावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, औषधाच्या दुकानात मिळतं. माझ्या पांढऱ्या सिल्कच्या ब्लाउजवरचा पिवळेपणा मी असाच काढला आहे. कापसाने दोन थेंब, दहा मिनिटं, मग ओल्या कापडाने टिपायचं.

---

प्रभाकर_प्रेसवाले | सकाळी ८:३५

पांढऱ्या सिल्कवर मी पण लावलं आहे, निघतं. पण कोशाचा तो मधासारखा रंग बहुतेक वेळा धाग्याचा स्वतःचा असतो, वरून दिलेला नसतो. पेरॉक्साइड पिवळा डाग आणि कोशाचा रंग यांत फरक करत नाही. तपकिरीच्या जागी फिका चट्टा होईल आणि तो जास्त डोळ्यात भरेल. डागाजवळ जरीची तार असेल तर तीही काळवंडू शकते. मी तरी करवतीवर लावणार नाही. आणि कपडे पांढरे करायचं क्लोरीनचं ब्लीच तर अजिबात नको. ते रेशीम आणि लोकर खाऊन टाकतं.

---

अनघा_रामदासपेठ | सकाळी ९:०२

रंग धाग्याचा स्वतःचा असेल तर तुमचं बरोबर आहे. पण आतल्या टोकावर एक थेंब टाकून पाहायला काय हरकत आहे? आधी पाहायचं, मग ठरवायचं. मला अजूनही वाटतं की हलक्या डागावर ते काम करतं.

---

मेघा_महाल | दुपारी १:१५

मलमलने केलं. आतल्या टोकावर काही झालं नाही, मग डागावर दाबत गेले. चार वेळा जागा बदलली, प्रत्येक वेळी कापडावर तपकिरी आलं. नावेची कड गेली! आता फक्त मधला गोल राहिलाय. आई म्हणाली पेरॉक्साइड नको, पदराची ती बाजू खांद्यावरून मागे जाते, राहू दे.

आता फॉलचं सांगा ना. काठ असा गोळा झालाय की साडी सरळ पडतच नाही. फॉल सुती असेल असं मला वाटत होतं.

---

सुवर्णा_नंदनवन | दुपारी १:४०

अगं, सुती फॉल आकसतो तो धुण्यात, इस्त्रीत नाही. म्हणूनच आधी भिजवून, वाळवून लावतात. हा टेरीकॉट किंवा पॉलिस्टरचा असणार. टोकाचा एक धागा काढ, चिमट्यात धर, परातीवर काडीने पेटव. वितळून काळा टणक मणी झाला की पॉलिस्टर. कागद जळाल्याचा वास येऊन राख राहिली तर सुती. केस जळाल्यासारखा वास आणि बोटाने चुरा होणारी काळी गाठ झाली तर रेशीम नाहीतर लोकर. आम्ही गांधीबागेतून कापड आणलं की माझी सासू पहिले हेच करायची.

---

मेघा_महाल | दुपारी २:०८

ताई, मणी झाला! टणक, दाताने पण तुटणार नाही असा.

---

प्रभाकर_प्रेसवाले | दुपारी २:३०

सुवर्णाताईंनी बरोबर ओळखलं. पॉलिस्टर वितळतं २५० च्या पुढे, पण आकसायला तेवढं लागत नाही. २०० च्या जवळची इस्त्री पुरते. आकसलेलं पुन्हा ताणलं जात नाही. किती दाबा, पाणी लावा, फॉल तसाच राहणार. पण बिघडलेला फक्त फॉल आहे, काठ नाही. काठाला त्याने ओढून धरलंय. टाके उसवून फॉल काढा, काठ आपोआप मोकळा होईल. नवा सुती फॉल रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा आणि मग लावा. एका दिवसात होतं.

आता काठाची इस्त्री. करवतीत खरी अडचण इथेच येते. अंग कोशाचं, त्याला ११० ते फार तर १३०. काठ सुती, त्याला एकट्याला १८०-२०० सहज चालतं. दोन्ही एकमेकांत विणलेले आहेत, करवतीच्या दातांसारखे एकमेकांत घुसलेले, म्हणून काठापुरतं बटण वाढवायचा मोह धरू नका. इस्त्रीचा तळ दात पाहून वळत नाही. बटण कोशाचंच ठेवा आणि काठाला उष्णतेऐवजी ओल द्या. पंचा पिळून काठावर दहा मिनिटं पसरून ठेवा. सुती काठ ती ओल पिऊन घेतो. मग उलट्या बाजूने, वर कोरडं मलमल ठेवून, दाबत जा. दमट सुती कापड १२० वरही सरळ होतं, फक्त वेळ जास्त लागतो. अंगाला मात्र ओल नको, कोरड्या मलमलवरूनच. जरीवर थेट इस्त्री अजिबात नको. हल्लीची बरीच जर म्हणजे चमकीची प्लास्टिकची पट्टी असते, ती गोळा होते.

---

निलेश_धरमपेठ | दुपारी ३:१०

काका, मग पाण्याचं माझं चुकलंच म्हणायचं. एक विचारतो. माझ्या काळ्या ऑफिसच्या पँटला मांडीवर चमक आली आहे. थोडी वाफ दिली की जाते आणि दोन दिवसांनी परत येते. ती पण जळलेलीच का?

---

प्रभाकर_प्रेसवाले | दुपारी ३:३५

चूक कुठली भाऊ, अर्धं बरोबरच होतं.

पँट कशाची यावर आहे. लोकरीची असेल तर चमक म्हणजे धाग्याची लव चेपली आहे. वाफ दिली की लव उभी राहते आणि चमक कमी होते. वाफ देऊन ओली असतानाच ब्रशने उलटं फिरवायचं. पुन्हा बसण्या-उठण्याने ती परत येते. पॉलिस्टरची असेल तर धाग्याचं पृष्ठ गरम होऊन सपाट झालेलं असतं. ती वाफेने जात नाही. तुमची वाफेने जाते म्हणता, म्हणजे लोकर बरीच असणार. लेबलवर टेरीवूल लिहिलं असेल.

टेरीवूलला मी नेहमी पॉलिस्टरचं माप लावतो, लोकरीचं नाही. मिसळीतला जो कमी सोसतो त्याचं तापमान धरायचं.

---

मेघा_महाल | शनिवार, सकाळी १०:२०

रात्री फॉल काढला, शेजारच्या काकूंनी नवा लावून दिला, ओल्या पंचाने काठ सरळ झाला. काका, काठ इतका छान बसला की आई बराच वेळ हात फिरवत होती.

आज उरलेलं. भावाची पँट पॉलिस्टरची, धागा जाळून पाहिला. बाबांच्या कोटावर आत लेबल आहे, शुद्ध लोकर, इस्त्रीचं चित्र आणि आत दोन टिंबं. हिवाळ्यात अधिवेशनाच्या वेळी वापरत, कोपरावर थोडी चमक आहे. आणि लिननचा शर्ट.

---

वायरमन_वाडी | सकाळी १०:४५

चित्रातली टिंबं इस्त्रीवरच्या टिंबांशीच जुळतात. एक म्हणजे जास्तीत जास्त ११०, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. ही वरची मर्यादा आहे बरं, तिथंच न्यायची असं नाही. अन् जुन्या इस्त्रीचा थर्मोस्टॅट ढिला झाला की टिंब एक अन् तळ भलताच असते. तुमची किती जुनी आहे?

---

मेघा_महाल | सकाळी १०:५२

दहा-बारा वर्षं झाली असतील.

---

प्रभाकर_प्रेसवाले | सकाळी ११:३०

मग प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीवर आधी टेकवून पाहा. इस्त्री सरकताना अडली, ओढली गेली, तर ती त्या कपड्याला जास्त आहे. सगळ्यात आधी तळ साफ करा. थंड इस्त्रीवर ओल्या कापडाने खळ भिजवून पुसा. चाकूने खरवडू नका, चरे पडले की दर वेळी तिथेच खळ अडकते.

पँट पहिली घ्या, एक टिंब आणि त्याच्या थोडं पुढे, मध्ये कापड. पॉलिस्टरला एक खोड आहे. गरम असताना जशी घडी पडेल तशीच निवल्यावर बसते. म्हणून क्रीज आधी नीट जुळवा. चुकून दुसरी क्रीज पडली तर ती काढायला पहिलीपेक्षा जास्त गरम लागते, आणि तिथेच लोक पँट चमकवून ठेवतात. इस्त्री झाल्यावर गरम पँट हँगरवर टाकू नका, सपाट ठेवून पूर्ण निवू द्या.

मग कोट. दोन टिंबं, वर दमट सुती कापड. इथे इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. लोकरीला ओल, उष्णता आणि घासणं एकदम मिळालं की ती आकसून जाड होते. तीन-चार सेकंद ठेवा, उचला, पुढे सरका. कापड पूर्ण कोरडं होईपर्यंत भाजू नका, थोडी वाफ राहू द्या. कोपरावर वाफ धरा, इस्त्री टेकवू नका, आणि ब्रश फिरवा. मग हँगरवर, जाड खांद्याचा असेल तर उत्तम. निदान तासभर घालायला देऊ नका. गरम लोकर घातली की बसल्या जागी घडी पडते.

लिनन शेवटी. शर्ट वाळला असेल तर पुन्हा पाणी शिंपडा, इथे शिंपडलं तर चालतं. गुंडाळून अर्धा तास पिशवीत ठेवा म्हणजे ओल सगळीकडे सारखी जाते. कोरडं लिनन २०० वरही पूर्ण सरळ होत नाही. लोक तिथेच जोर लावतात आणि कॉलर पिवळी करतात. गडद रंगाचा असेल तर उलट्या बाजूने.

---

मेघा_महाल | सायंकाळी ६:४०

तिन्ही झाले. पँटला मध्ये कापड ठेवूनही एका ठिकाणी खिशाच्या कडेची छाप उमटली. बाकी ठीक आहे. कोट मात्र नवा वाटतोय, कोपराची चमक अर्ध्याहून जास्त गेली. शर्ट पिशवीतून काढला तेव्हा गार आणि सारखा दमट होता. पहिल्याच हाताला सरळ झाला, जोर लावावाच लागला नाही.

वायरमनदादा, इस्त्री तुमच्याकडे मोजायला आणू का? एका टिंबावर पँटची छाप उमटली म्हणून शंका येते.

---

वायरमन_वाडी | सायंकाळी ७:१५

साक्षगंध होऊन जाऊ द्या, मग आणा. छाप खिशाच्या जाड शिवणीनंही पडते, ती इस्त्रीची चूक नसंन. जाड शिवणीखाली जाड कागदाची पट्टी सरकवून ठेवली की कड उमटत नाही. पण मोजून पाहू.

---

अनघा_रामदासपेठ | सायंकाळी ७:३०

मेघा, साडीच्या आतल्या टोकावर एक थेंब पेरॉक्साइड टाकून पाहिलंस का, नुसतं कळावं म्हणून?

---

मेघा_महाल | रात्री ८:०५

नाही ताई. आईने साडी घडी करून वर ठेवली आहे आणि मला त्या कपाटाला हात लावू देत नाही. रविवारनंतर विचारते तिला.